रुखरुख कमी ठेवण्याचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला सांगितलं की, बारावीची आणि इंजिनीअरिंगची मुलं बरीच येणार आहेत, त्यांचे आईवडीलही असतील, तेव्हा करिअर निवडण्याबद्दल काहीतरी बोला. मी म्हटलं, मी बँकेत कर्ज विभागात आयुष्य काढलेला माणूस. कोणतं क्षेत्र चांगलं, कशाला पुढे वाव आहे, हे मला विचारू नका. पण मोठा निर्णय घेताना एक हिशेब करता येतो. तो मी स्वतःच्या वेळी केला नाही आणि मुलीच्या वेळी केला. तेवढं सांगू शकेन.

सुरुवात परदेशातून करतो, कारण ही पद्धत ज्याच्यामुळे गाजली तो माणूस तिकडचा. जेफ बेझोस. ॲमेझॉनचं पार्सल आपल्या गेटवर रोज येतं, तेव्हा ओळख करून द्यायला नको. 1994 साली हे गृहस्थ 30 वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कमध्ये डी. ई. शॉ नावाच्या गुंतवणूक कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. इंटरनेट झपाट्याने वाढतंय हे त्यांनी पाहिलं आणि त्यावर पुस्तकं विकायची कल्पना डोक्यात घेतली. साहेबांना सांगितलं. साहेब त्यांना सेंट्रल पार्कमध्ये फिरायला घेऊन गेले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण ज्याच्याकडे चांगली नोकरी नाही त्याच्यासाठी जास्त चांगली आहे. दोन दिवस विचार कर, मग सांग.

त्या दोन दिवसांत बेझोस यांनी स्वतःला 80 वर्षांचं कल्पून मागे वळून पाहिलं. तिथून पाहताना मला कशाची रुखरुख लागेल? वर्षाच्या मध्येच नोकरी सोडली म्हणून त्या वर्षीचा बोनस बुडणार होता. पण 80व्या वर्षी तो बोनस आठवणारसुद्धा नाही. धंदा करून बघितला आणि बुडाला, तर त्याचंही वाईट वाटणार नाही. करूनच बघितला नाही, तर मात्र ते रोज टोचेल. एवढं लक्षात आल्यावर निर्णय सोपा झाला, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. इंग्रजीत याला ‘रिग्रेट मिनिमायझेशन’ म्हणतात. मराठीत मी म्हणेन, रुखरुख कमीत कमी ठेवणं.

आता इथे थांबलो तर मुलं खूश होतील आणि पालक मला उद्या लिफ्टमध्ये गाठतील. म्हणून पुढचं ऐका.

ही पद्धत एक काम फार चांगलं करते. ती चाळणी आहे. आज डोळ्यांसमोर मोठ्या दिसणाऱ्या बारीक गोष्टी ती गाळून टाकते. यंदाचा बोनस, यंदाची बढती, चुलतभावाचा पगार, साखरपुड्यात कोण काय विचारेल, हे सगळं 80व्या वर्षापर्यंत गळून जातं. पण या चाळणीत एक खोट आहे. ती मला माझ्याच घरात, माळ्यावर सापडली.

आपली सोसायटी झाली त्याच वर्षी, 2000 साली, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आपण तिला व्हीआरएस म्हणतो. माझं वय 41, नोकरी 18 वर्षं. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 60 दिवसांचा पगार मिळणार होता. माझ्या मनात एक काम होतं. लहान कारखानदारांचे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. धंदा चांगला असायचा, पण कागद धड नसायचे. प्रकल्प अहवाल कुणाकडून तरी उतरवलेला, खेळत्या भांडवलाचा हिशेब चुकलेला. अर्ज परत जायचे. मला वाटायचं, टेबलाच्या त्या बाजूला बसून या लोकांचे कागद नीट करून द्यावेत. त्याचंच छोटं कार्यालय काढावं. दुसऱ्या बँकेतल्या माझ्या एका मित्राने व्हीआरएस घेऊन नेमकं तेच केलं. मी अर्ज भरला नाही.

पुढची वीस वर्षं मी ही गोष्ट एकाच वाक्यात सांगत आलो: “माझ्यात धाडस नव्हतं.” लग्नकार्यात सांगितली, इथे कट्ट्यावर सांगितली. तुमच्यातल्या काहींनी ती ऐकली असेल.

तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे पाइपलाइन बदलायचं काम निघालं, तेव्हा माळा रिकामा करावा लागला. त्यात माझी 2000 सालची डायरी सापडली. डिसेंबरच्या एका पानावर मी व्हीआरएस का घेऊ नये याची कारणं लिहिली होती. आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी दिवसा बाई ठेवलेली. मुलगी तीन वर्षांची. या फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झालेला. शिल्लक 62 हजार. ते पान वाचताना मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो. आईचं ते दुखणं मी विसरलो नव्हतो. पण व्हीआरएसची गोष्ट सांगताना ती दोन्ही एकाच महिन्यातली आहेत, हे मात्र मी पार विसरलो होतो.

हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलं आणि 1995 साली ते प्रसिद्ध झालं. त्यांना असं दिसलं की, नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं. हा शेअर का विकला, ही नोकरी का घेतली. पण सगळ्या आयुष्याकडे वळून पाहायला सांगितलं की न केलेल्या गोष्टी पुढे येतात. शिकलो नाही, बोललो नाही, गेलो नाही. याची जी कारणं त्यांनी दिली, त्यातलं एक मला फार पटलं. केलेल्या चुकीची आपण डागडुजी करतो. माफी मागतो, नोकरी बदलतो, निदान “त्यातून शिकलो” असं तरी म्हणतो. न केलेल्या गोष्टीची डागडुजी करायला काही हातातच नसतं. आणि ज्या अडचणींनी त्या वेळी पाय अडवले होते, त्या काळाबरोबर फिकट होत जातात. मग उरतं एवढंच, की करता आलं असतं आणि केलं नाही.

म्हणजे खोट कुठे आहे, ते बघा. आपण कल्पनेतल्या ज्या 80 वर्षांच्या माणसाला सल्ला विचारतो, तो हप्ता विसरलेला असतो. खुब्याचं हाड विसरलेला असतो. त्याला “जाऊ का?” असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा “जा” असंच म्हणणार. शिवाय बेझोस यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचं जमलं. तसाच विचार करून निघालेले आणि बुडालेले किती असतील, त्यांच्या मुलाखती कोण घेणार?

मग पद्धत टाकून द्यायची का? नाही. त्या म्हाताऱ्यासमोर कागद ठेवायचे. कर्जाचा अर्ज आम्ही कागदांशिवाय मंजूर करत नव्हतो, तसंच हे.

पण डायरीच्या पानाची अर्धीच गोष्ट झाली. ते पान मी खाली आणलं आणि जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन बसलो. माझा पगार तेव्हा 16 हजार. 18 वर्षांचे दरवर्षी दोन महिने, म्हणजे 36 महिन्यांचा पगार, 5 लाख 76 हजार. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी वेगळी. घरखर्च हप्ता धरून 14 हजार, हिचा पगार 7 हजार. म्हणजे महिन्याला कमी पडणार होते 7 हजार. 5 लाख 76 हजारांना 7 हजारांनी भागा. 82 महिने. महागाई धरा, कर धरा, आईच्या औषधांसाठी वेगळे काढा, तरी चार वर्षं एक रुपया न कमावता घर चाललं असतं. हा भागाकार मी रोज दुसऱ्यांच्या अर्जावर करत होतो. स्वतःच्या पानावर तो नव्हता. तिथे नुसती भीतीची यादी होती.

तेव्हा माझ्यात धाडस नव्हतं, हे खरं नाही. आणि ते जमलंच नसतं, हेही खरं नाही. मी अर्ज भरायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. आई पुढे सहा वर्षं होती आणि मी रोज सहा वाजता घरी असायचो, त्याला मोल आहे. पण तो भागाकार केला नाही याची रुखरुख मात्र खरी आहे, आणि ती टाळता आली असती.

आता मुलीची गोष्ट. तिच्या परवानगीने सांगतोय, ती मागे बसली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ती 26 वर्षांची होती. ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, हातात 68 हजार यायचे. एका रविवारी जेवताना म्हणाली, “बाबा, मला नोकरी सोडून लॉ करायचंय. तीन वर्षांचं एलएलबी.” माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “आत्ता? या वयात?” हिने माझ्याकडे बघितलं. कट्ट्यावर “धाडस नव्हतं” असं सांगणारा माणूस तो हाच.

जेवण झाल्यावर टेबल पुसलं आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर चार चौकोन आखले. लोक सहसा दोनच चौकोन बघतात: गेले आणि जमलं, किंवा राहिले आणि कुढत बसले. ही लबाडी आहे. चारही भरायचे. गेले आणि जमलं. गेले आणि जमलं नाही. राहिले आणि चांगलं झालं. राहिले आणि बिनसलं. प्रत्येक चौकोनात 80 वर्षांची ती स्वतः काय म्हणेल, ते तिने लिहायचं. आम्ही बोलायचं नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनात होते. दुसऱ्यात तिने लिहिलं: “तिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधतेय. टेस्टिंगमधली साधनं बदललेली, पगार आधीपेक्षा कमी. वाईट वाटलं, पण करून बघितलं.” तिसऱ्यात लिहिलं: “टीम लीड झाले, स्वतःचा फ्लॅट झाला, काम वाईट नव्हतं. तरी कुणी भाड्याच्या किंवा वारसाहक्काच्या भांडणाबद्दल बोललं, की कान टवकारतात.” अपयशासकट जाणं तिला यशासकट राहण्यापेक्षा हलकं वाटत होतं. हे दोन चौकोन उलटे आले असते, म्हणजे राहून चांगलं झाल्यावर मनात काहीच उरलं नसतं, तर विषय तिथेच मिटला असता.

मग मी विचारलं, “हा आवाज तुझाच आहे ना?” कारण त्या म्हाताऱ्याच्या तोंडून कधी आईवडील बोलतात, कधी मैत्रिणीचं इन्स्टाग्राम बोलतं. ओळखायची एक साधी खूण आहे. आपण हे केलं आणि ते कुणालाच कधी कळणार नसेल, तरी ते करावंसं वाटतं का? ती म्हणाली, “वाटतं. पण मी कोर्ट फक्त सिनेमात बघितलंय.”

हे तिचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. ऐंशीव्या वर्षाची कल्पना करताना आपण मधली चाळीस वर्षं उड्या मारून जातो. रोजचा मंगळवार कसा असेल, ते बघतच नाही. म्हणून तिने साठलेल्या रजेतले दहा दिवस घेतले आणि आमच्या ओळखीच्या एका दिवाणी वकिलांबरोबर ठाण्याच्या कोर्टात काढले. तारीख पडते, पुढची तारीख पडते, जिन्यात उभं राहून पक्षकाराशी बोलायचं, दुपारी फाइली शोधायच्या, संध्याकाळी मसुदा टाइप करायचा. दहाव्या दिवशी पाय दुखत होते आणि ती एका जुन्या वाटणीपत्राबद्दल तासभर बोलत होती. तेव्हा मला कळलं.

शेवटी भागाकार. लॉ कॉलेजला 70 टक्के हजेरी लागते, त्यामुळे पूर्ण वेळ नोकरी चालू ठेवून ते करणं जमणारं नव्हतं. घरी राहून तिचा खर्च महिना 14 हजार, तीन वर्षांचे 5 लाखांच्या वर. फी, पुस्तकं, पुढे सनद आणि बार परीक्षेचा खर्च मिळून एक लाख धरला. एकूण सहा लाख. तिची शिल्लक साडेआठ लाख. वरवर बघता पुरत होतं. पण वकिली पदवीनंतर लगेच पोसत नाही, ज्युनिअर म्हणून पहिली काही वर्षं हातात फारच थोडं येतं. उरलेले अडीच लाख दीड वर्षसुद्धा पुरले नसते. नेमकं इथेच लोक अर्ध्यावर सोडतात, आणि मग दुसऱ्या चौकोनाला दोष देतात.

म्हणून उत्तर “जा” किंवा “राहा” असं आलं नाही. उत्तर आलं, “पुढच्या वर्षी जा.” तिने आणखी दहा महिने नोकरी केली, महिन्याला 40 हजार बाजूला टाकले, सीईटी दिली आणि 2024 मध्ये साडेबारा लाखांची शिल्लक घेऊन कॉलेजात गेली. शिक्षण वजा जाता साडेसहा लाख उरतात. महिना 14 हजारांनी ती पावणेचार वर्षं ज्युनिअर राहू शकते. आमच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. स्वतःची रुखरुख टाळताना दुसऱ्याच्या औषधपाण्याचे पैसे पणाला लागत असतील, तर ही पद्धत तिथे वापरूच नये. बेझोस यांच्या आईवडिलांनीही मुलाच्या धंद्यात दोन लाखांहून जास्त डॉलर घातले, पण त्याने त्यांना आधी सांगितलं होतं की, हे बुडण्याची शक्यता 70 टक्के आहे. तेवढा खरेपणा तरी हवाच.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. जमेल की नाही, मला माहीत नाही. “मुलगी वकील झाली” असं सांगायला मी इथे उभा नाही.

कुणाला वाटेल, ही पद्धत नेहमी उडी मारायलाच सांगते. तसं नाही. 2006 साली हिला बढती मिळाली, पण नागपूरला बदली. हिची आई डोंबिवलीला एकटी, तब्येत उतरलेली. हिने चौकोन वगैरे आखले नाहीत, पण प्रश्न हाच विचारला, आणि बढती नाकारली. सासूबाई पुढे दीड वर्षच होत्या. परवा मी हिला विचारलं, ती बढती आठवते का? म्हणाली, “हुद्दा आठवत नाही नीट. आईच्या हातची शेवटची दिवाळी आठवते.”

आपल्या सोसायटीत खरोखर ऐंशी ओलांडलेली मंडळी आहेत. संध्याकाळी बागेतल्या बाकावर असतात. मुलांनो, कल्पनेतल्या म्हाताऱ्याला विचारण्याआधी त्यांना विचारा. पण “तुम्हाला कशाचा पश्चात्ताप होतो?” असं विचारू नका, त्याचं उत्तर माझ्यासारखं एका वाक्यात येईल. “त्या वेळी घरात काय परिस्थिती होती?” असं विचारा. मग थांबा, ऐका.

शेवटचं एक काम. आमच्या त्या चार चौकोनांच्या कागदाच्या मागे मुलीने त्या दिवशीची सगळी परिस्थिती लिहिली: शिल्लक, खर्च, आमची वयं, माझी साखर, तिला वाटलेली भीती. तारीख टाकली आणि कागद लिफाफ्यात घालून कपाटात ठेवला. उद्या ती “मी का गेले” म्हणाली किंवा “आधीच का नाही गेले” म्हणाली, तर तो उघडायचा. माझं पान मला 22 वर्षांनी माळ्यावर सापडलं. तिचं कुठे आहे, ते आम्हा तिघांनाही माहीत आहे.

चहा तयार आहे, असं सचिव खुणावत आहेत. ज्यांना आपापले चौकोन घेऊन बसायचं असेल त्यांनी बी विंगमध्ये कधीही यावं, भागाकार मी करून देईन. ते टेबलाच्या त्या बाजूचं काम तेवढं आता करता येतं.